श्वास शिल्लक ठेव

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवायची, ओठ मिटायचे आणि एकाच सुरात हळू गुणगुणायचं. पहिल्या दोनतीन श्वासांत काही कळत नाही. मग केव्हातरी लक्षात येतं, की गुणगुणणं चालू असताना नाडीचे ठोके एकमेकांपासून लांब पडताहेत आणि श्वास आत घेतला की तेच ठोके जवळजवळ येताहेत. पुन्हा गुणगुणलं की पुन्हा लांब. हृदय एका चालीनं चालत नाही, ते श्वासाबरोबर झोके घेतं. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्याआधी नऊ वर्षं गाणं शिकले, पण ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनगटावर भेटल्या त्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर. दाराच्या आत मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी, असं चार पिढ्या चाललं आहे. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात यजमान गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मला रात्री तीनच्या सुमारास जाग यायला लागली, आणि ती यायची छातीतल्या धडधडीनंच. आवाज नाही, स्वप्न नाही. डोळे उघडायच्या आधी हृदय धावत असायचं. कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असे. तो नाडी १०४ दाखवायचा, कधी ११०. बाहेर धुकं, खाली चौकीदाराची काठी, आणि आत हे.

आधी जे करायला हवं ते केलं. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं, चोवीस तास छातीला यंत्र लावून हृदयाची नोंद झाली. हे मुद्दाम सांगते, कारण धडधडीमागे रक्तक्षय, थायरॉइड किंवा हृदयाच्या तालातला बिघाड असू शकतो आणि त्यावर गुणगुणणं हा उपाय नाही. धडधडीबरोबर छातीत दुखलं, घेरी येऊन पडायला झालं, किंवा ठोके अगदीच वेडेवाकडे लागले तर आधी डॉक्टर. माझ्या तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर आमच्याच गल्लीतले, लहानपणापासून मला ओळखणारे. म्हणाले, “ताई, हृदय ठीक आहे. श्वास फार वर चाललाय तुमचा. तो खाली आणा.”

मग मी भ्रामरी सुरू केली, आणि तीन आठवडे ती चुकीची केली. चूक काय होती ते आज नेमकं सांगता येतं. छाती भरून, खांदे उचलून श्वास घ्यायची, कान दाबायची आणि घुमेल इतक्या मोठ्यानं म्हणायची. श्वास अगदी तळापर्यंत संपवायची, मग धाप लागल्यासारखा पुढचा ओढायची. पाचव्या मिनिटाला ओठांभोवती मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची, डोकं हलकं व्हायचं. मला वाटे, काहीतरी होतंय, म्हणजे लागू पडतंय. पण ऑक्सिमीटरवरचा आकडा सुरुवातीपेक्षा वर असायचा.

त्या मुंग्या म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरल्याची खूण होती. श्वास मोजून कमी झाले तरी प्रत्येक श्वास जर गरजेपेक्षा फार मोठा असेल, तर हा वायू जास्त बाहेर टाकला जातो. तो उतरला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, घेरी येते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेल्या माणसाला ती लक्षणं घाबरण्याचीच वाटतात. म्हणजे धडधडीवर म्हणून जे करत होते त्यानं मी धडधडीच्या जवळ जात होते. श्वास हळू हवा, पण तो मोठा नको. तो नेहमीपेक्षा थोडासाच जास्त हवा. हा फरक कागदावर एका ओळीचा आहे, अंगात यायला मला महिना लागला.

तो अंगात आणला तो गाण्यानं. सोळाव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत मी गाणं शिकले. आमच्या बाई जुन्या वाड्याच्या माडीवर राहायच्या, जिना इतका अरुंद की तानपुरा तिरका करून न्यावा लागे. पहाटे साडेपाचला खर्ज. माझी पट्टी काळी चार. मध्य सप्तकातला सा लावायचा, मग एकेक सूर खाली उतरत मंद्र पंचमापर्यंत जायचं, आणि तिथे थांबायचं. अर्धा तास हेच. ग्वाल्हेरात खर्ज भरणं ही काही विशेष गोष्ट नाही, हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीशेजारी चिंच आहे आणि तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असं ज्या गावात लहान मुलांनाही ठाऊक असतं तिथे खर्जही सगळ्यांना ठाऊक असतो. पण बाई खर्जात सुरापेक्षा श्वासाकडे जास्त लक्ष द्यायच्या. सूर थरथरायला लागला की त्या तानपुऱ्याच्या तारांवर हात ठेवून तो बंद करायच्या. “अगं, संपवू नकोस. शिल्लक ठेव. शेवटची दमडीही खर्च करणारा बाजारातून रडत येतो.”

तेव्हा मला वाटे हे गळ्यासाठी आहे. एका पहाटे, ११० दाखवणारा तो ऑक्सिमीटर बाजूला ठेवून मी अंधारात भिंतीला टेकून बसले आणि भ्रामरी न करता बाईंचा खर्ज तोंड मिटून केला. आवाज इतकाच, की शेजारच्या खोलीत निजलेल्या आईला ऐकू जाऊ नये. श्वास नाकानं, खांदे न हलवता, पोट किंचित पुढे येईल इतकाच. ओठ मिटलेले, पण आत दात सुटे, जीभ सैल. सूर सहज लागेल तेवढाच खालचा. कंप वरच्या ओठावर आणि नाकाच्या कडेला जाणवतो, घशात ओढ जाणवली तर सूर फार खाली गेला आहे किंवा जोर लागतो आहे. आणि श्वास संपायच्या आधी, अजून एखादं सेकंद गुणगुणता आलं असतं अशा ठिकाणी थांबायचं. मग पुढचा श्वास ओढावा लागत नाही, तो आपला आपण आत येतो.

भिंतीवरच्या घड्याळाच्या टकटकीवर मोजलं तर माझं गुणगुणणं सहा सेकंद चाले आणि श्वास आत यायला चार सेकंद. दहा सेकंदांचा एक फेरा, मिनिटाला सहा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते अठरा श्वास घेतो, म्हणजे हे निम्मे किंवा त्याहूनही कमी. मध्ये श्वास रोखून धरायचा नाही. ज्याला चारच सेकंद गुणगुणता येतं त्यानं चारच करावं. आठवड्याभरात ते आपोआप पाच होतं. जबरदस्तीनं सहा केले की पुन्हा धाप आणि पुन्हा मुंग्या.

दहा मिनिटांनी त्या पहाटे ऑक्सिमीटर ८२ वर होता. पण ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतो, त्यामुळे श्वासागणिकचा झोका त्यात पुसट होतो. तो बोटांनाच कळतो. पुढच्या रविवारी भाचीला बसवलं. तिनं माझी नाडी धरली आणि गुणगुणतानाचे ठोके वेगळे, श्वास घेतानाचे वेगळे मोजले. दहा फेरे, म्हणजे साठ सेकंद गुणगुणणं आणि चाळीस सेकंद श्वास. गुणगुणताना ७२ ठोके पडले. श्वास घेतानाच्या चाळीस सेकंदांत ५४, म्हणजे मिनिटाच्या हिशोबात ८१. एकाच बैठकीत, एकाच हृदयाच्या दोन चाली, नऊ ठोक्यांचा फरक.

हे का होतं, ते मी वर्गात अर्धंच शिकवत आले होते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका आहे, ठोका तिथून सुरू होतो. त्याला सगळ्या नसांपासून तोडून मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. स्वस्थ माणसाची नाडी सत्तर असते, कारण मेंदूतून आलेली व्हेगस नस त्याला सतत आवरून धरत असते. म्हणजे आपण निवांत असतो तेव्हा हृदय नुसतं मोकळं नसतं, त्याचा लगाम ओढलेला असतो. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकी, आणि नाव सार्थ आहे: मेंदूच्या तळाशी निघते, मानेत धमनीच्या शेजारून उतरते, घशाला, फुप्फुसांना, हृदयाला फाटे देत पार आतड्यांपर्यंत जाते.

आमच्या वेळी बी.एस्सी.ला बेडकाच्या हृदयाचं प्रात्यक्षिक असे. काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर सुई ठोके कोरत जायची, सर व्हेगसला विजेचा हलका धक्का द्यायचे आणि ती वर-खाली जाणारी रेघ एकदम सपाट व्हायची. हृदय थांबायचं. धक्का काढला की काही क्षणांत पुन्हा सुरू. हे नसेतल्या विजेमुळे थेट होतं की मध्ये एखादं रसायन असतं, हा प्रश्न ओटो लोवी ह्यांनी १९२१ साली सोडवला. त्यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, ते हृदय ज्या द्रवात होतं तो द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, आणि ज्याच्या नसेला कुणी हात लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते झटपट काम करतं आणि झटपट नाहीसंही होतं, म्हणून व्हेगसचा लगाम एखाददुसऱ्या ठोक्यात आवळतो आणि तितक्याच लवकर सुटतो. हृदयाला पळवणाऱ्या दुसऱ्या नसांचं काम इतकं चपळ नाही, त्यांचा परिणाम चढायला-उतरायला काही सेकंद जातात.

आता श्वासाचा भाग. श्वास आत घेताना मेंदू व्हेगसचा हा लगाम थोडा सैल सोडतो. उच्छ्वास सुरू झाला की पुन्हा ओढतो. आत घेताना ठोके जवळ, सोडताना लांब, ते ह्यामुळे. उच्छ्वास जितका लांब, तितका वेळ लगाम आवळलेला. आणि उच्छ्वास लांबवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सूर लावणं, कारण सूर लावताना स्वरतंतू जवळजवळ मिटलेले असतात आणि हवा त्यांच्यातल्या फटीतून झिरपत बाहेर येते. नुसता श्वास हळू सोडायला सांगा, माणूस चौथ्या सेकंदाला विसरतो. सूर लावला की तो तुटू नये म्हणून श्वास सांभाळावाच लागतो. शिवाय तुटला तर ऐकू येतो. बाईंना व्हेगस माहीत नव्हती, पण त्या ऐकत होत्या तीच.

इथे एका प्रचलित समजाबद्दल मला बोलायलाच हवं. स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंना व्हेगसचेच फाटे हलवतात, म्हणून गुणगुणण्यानं घसा थरथरला की ती नस जागी होते आणि हृदयाला निरोप जातो, असं सर्रास सांगितलं जातं. पहिला अर्धा भाग खरा आहे. स्वरयंत्राला जाणारा डावा फाटा तर गंमत म्हणजे आधी छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालतो आणि मग वर घशाकडे येतो. पण व्हेगस ही एक तार नाही, ती हजारो तारांची जुडी आहे. घसा हलवणाऱ्या तारा वेगळ्या आणि हृदय आवरणाऱ्या वेगळ्या. बाड्यावरच्या एका खांबावरून दहा दुकानांच्या तारा जातात, म्हणून एकाचा दिवा लावल्यानं दुसऱ्याचा पंखा फिरत नाही. कंप मला आवडतो, तो ओठांवर आला की सूर सैल लागला आहे हे कळतं. पण हृदय मंदावतं ते मुख्यतः लांब उच्छ्वासामुळे, असं मी ठामपणे म्हणेन, कारण तोच हिशोब बोटांखाली पडताळता येतो.

मिनिटाला सहा हा आकडाही काही मी काढलेला नाही. इटलीत लुचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र. २००१ साली ते काम प्रसिद्ध झालं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला जवळजवळ नेमका सहावर आला. इतका नेमका का, ह्याचं उत्तर रक्तदाबात आहे. आपला रक्तदाब स्वतःच साधारण दहा सेकंदांच्या लाटेनं वर-खाली होत असतो. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीत दाब ओळखणारी ठिकाणं आहेत. दाब चढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगसकरवी हृदय मंद करतो, दाब उतरला की सोडतो. ह्या सांगण्या-ऐकण्याला वेळ लागतो, म्हणून ती लाट. श्वासही दहा सेकंदांचा झाला की तो ह्या लाटेत मिसळतो, झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावल्यासारखा, आणि नाडीचा झोका मोठा होतो. त्या प्रयोगात ही दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तल्लख झालेली दिसली. मला त्यातली जपमाळेची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते: प्रार्थनेचा अर्धा भाग पुरोहित म्हणतो आणि उरलेला लोक म्हणतात, म्हणजे स्वतः म्हणताना श्वास जातो आणि दुसरा म्हणत असताना येतो. आपल्याकडे कीर्तनात आणि भजनात झीलकरी हेच करतात.

लांब उच्छ्वासानं सगळं उलगडतं असं मात्र मी म्हणत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ॐकार म्हणणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली गेली, ते २०११ साली छापून आलं. माणसं मोजकीच होती. तुलनेसाठी त्याच माणसांना नुसता ‘स्सस्स’ असा लांब आवाज काढायला लावला होता. उच्छ्वास दोन्हीकडे लांब. तरी भावनांशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांतली हालचाल ॐकारात मंदावली आणि ‘स्स’मध्ये तशी मंदावली नाही. म्हणजे सुराचं स्वतःचं काहीतरी आहे. कानाच्या पाळीमागे आणि कानाच्या नळीत व्हेगसचा एक बारीक फाटा येतो, त्याला कंप पोचत असावा असा अंदाज त्या संशोधकांनी मांडला आहे. मी त्याला अंदाजच म्हणेन. आणखी एक गोष्ट ह्याच पोतडीत घातली जाते, ती नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडची. स्टॉकहोममध्ये २००२ साली दिसलं की गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या पंधरा पट होतो, कारण कंपामुळे सायनसच्या पोकळ्यांतली हवा हलते. ते खरं आहे, पण ते नाकाचं आहे. त्याला व्हेगसच्या खात्यावर मांडू नये.

गुणगुणणं ठीक चाललं तेव्हा मला इतर म्हणण्या-गाण्याचे श्वास मोजायची ओढ लागली. लहानपणी दिवेलागणीला आम्ही भावंडं जे भुजंगप्रयातातले श्लोक म्हणायचो ते घेतले. ह्या वृत्ताच्या चरणात बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू असं चार वेळा, म्हणजे वीस मात्रा. आजीच्या चालीनं, न घाई करता, एक चरण मला चार सेकंद लागतो. दोन चरण एका श्वासात म्हटले की आठ, आणि श्वासाला दोन. दहा सेकंद. आजीनं घड्याळ लावलं नव्हतं, तरी फेरा तिथेच येतो. आम्ही मुलं मात्र जेवायच्या घाईत चारही चरण एका दमात म्हणायचो आणि शेवटी धापा टाकत ताटावर बसायचो. श्लोक तेच, श्वास वेगळा.

म्हणूनच संथ गाणं आपोआप शांत करतं असं नाही. लय विलंबित असली तरी ओळीच्या मध्ये तीनदा चोरटा श्वास घेतला तर फेरा चार सेकंदांचाच राहतो. स्वीडनमध्ये अठरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींवर झालेल्या एका प्रयोगात, २०१३ साली, तिन्ही प्रकार तपासले होते: प्रत्येकानं हवा तेव्हा श्वास घेत एकच सूर गुणगुणणं, एक प्रार्थनागीत, आणि फक्त ओळीच्या शेवटीच श्वास घ्यायचा असा संथ मंत्र. गाण्याची घडण श्वास ठरवत होती, आणि श्वास हृदयाची चाल. सगळे एकत्र मंत्र म्हणू लागले तसे त्यांच्या हृदयांचे चढ-उतारही एकमेकांशी जुळू लागले. तेव्हा गाणं निवडताना मी आता लय बघत नाही, ओळ कुठे संपते ते बघते. टाळांच्या गजरातली आरती ही मला प्रिय आहे, पण ती अंगात चेतना आणते. रात्री तीनला ती नको.

फाल्गुनापर्यंत माझी रात्रीची जाग आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली. आली तरी मला तिच्याशी काय करायचं ते ठाऊक होतं. मग साहजिकच मी आईकडे वळले.

आई एक्याऐंशी वर्षांची. चोवीस वर्षांचा मधुमेह. तिची नाडी नेहमीच नव्वदच्या घरात असायची आणि आम्ही सगळे म्हणायचो की तिचा स्वभावच काळजीचा. तिचा गळा माझ्यापेक्षा गोड, श्वासही तिच्या वयाच्या मानानं लांब. चार दिवसांत तिला दहाचा फेरा जमला. भाचीनं तसंच मोजलं, साठ सेकंद आणि चाळीस सेकंद. गुणगुणताना ९१. श्वास घेतानाच्या चाळीस सेकंदांत ६१, म्हणजे मिनिटाला साडेएक्याण्णव. पुन्हा मोजलं, दुसऱ्या दिवशी मी स्वतः मोजलं. झोका नव्हताच. टेबलावरच्या घड्याळासारखे सारख्या अंतरानं ठोके, श्वास आत असो की बाहेर.

मी ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग आईला खुर्चीवर बसवून ईसीजी लावला आणि तिला एक मिनिट पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असा घ्यायला लावला. मिनिटाला सहा! मधुमेहात व्हेगसची तब्येत पाहायची जुनी तपासणी हीच आहे: ह्या श्वासात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ठोक्यांतला फरक काढायचा. तरण्या, निरोगी माणसात तो पंधराच्या वर असतो, दहापेक्षा कमी असला तर शंका घ्यायची. वयाबरोबर तो कमी होतोच, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाहीत. त्यांनी आईला आडवी करून रक्तदाब घेतला, वरचा १३८. उभी करून तीन मिनिटांत पुन्हा घेतला, ११२. नाडी होती तिथेच.

“मावशी, सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते?”

“येते की. वय झालं.”

“वय नाही, साखर. हृदयाला जाणाऱ्या नसा झिजल्यात.”

त्यांनी मला समजावलं ते मला वर्गातल्या फळ्यासारखं स्पष्ट दिसलं. व्हेगस ही लांब नस आहे, आणि मधुमेह बहुधा लांब नसांना आधी पकडतो, पायाच्या बोटांना मुंग्या येतात तेही त्यामुळेच. लगाम झिजला म्हणून नाडी शंभरच्या दिशेला सरकलेली, नव्वदवर अडकलेली. तो काळजीचा स्वभाव नव्हता. पुढे दाब सांभाळणाऱ्या दुसऱ्या नसाही गेल्या, म्हणून उभं राहिलं की दाब घसरतो. गुणगुणून नाडी खाली येणार नाही, कारण निरोप नेणाराच उरलेला नाही. रक्तदाबाची रात्रीची गोळी त्यांनी बदलली. उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, हे तिला लिहून दिलं. श्वास रोखणं किंवा जोर लावून म्हणणं पूर्ण बंद. हळू गुणगुणायला हरकत नाही, म्हणाले, पण त्यातून आकड्याची अपेक्षा नको.

घरी येताना रिक्षात आई काही बोलली नाही. जिवाजी चौकातल्या गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा एवढंच म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला उगाच म्हणत होतात, की सोड काळजी.”

मी माफी मागितली. खरोखर मागायला हवी होती.

आता रात्री तिच्याजवळ मीच निजते. दिवा मालवला की ती आमच्या पाळण्याची ओवी म्हणते, तीच जी मला आणि नंतर माझ्या मुलीला म्हटली. आवाज अगदी खालचा, शब्द अर्धे मिटलेले. ओळ एका श्वासात, मग थांबणं, मग दुसरी ओळ. माझी तीन बोटं तिच्या मनगटावर असतात. नव्वद. एक्याण्णव. नव्वद. त्यात काही हलत नाही. काल तिसऱ्या ओळीवर आवाज थांबला. उशीवरचा खांदा हळूच खाली गेला, माझ्या हातातली तिची मूठ सुटली. ठोके तेच होते. श्वास मात्र ओवीच्याच मापानं चालू होता, एक ओळ बाहेर, मग थांबणं, मग आत.